लॉगमधले केवलमूल्य जाते कुठे?

«dy/dx = ky सोडवताना सर ln|y| = kx + C असं लिहितात आणि पुढच्याच ओळीत y = Ae^(kx) लिहून मोकळे होतात. केवलमूल्य कुठे गेलं विचारलं तर म्हणतात, "A कसाही असू शकतो." पण A म्हणजे e^C ना? मग तो कायम धनच असणार. ऋण A आणला कुठून? आणि केवलमूल्य न लिहिता थेट ln y लिहिलं तरी उत्तर तेच येतं. मग ते लिहायचंच कशाला?»

तुमची शंका अगदी योग्य जागी बोट ठेवते. C ही वास्तव संख्या असेल तर e^C धनच असतो, त्यामुळे A म्हणजे e^C असे कोणी लिहिले असेल तर ते चूक आहे. खरे नाते A = ±e^C असे आहे, आणि A = 0 ही तिसरी शक्यता त्यात स्वतंत्रपणे, वेगळ्या कारणाने मिळवावी लागते. केवलमूल्याच्या चिन्हाने जी माहिती झाकून ठेवली होती, म्हणजे y धन आहे की ऋण, ती माहिती पुढच्या ओळीत A च्या चिन्हात जाऊन बसते. फळ्यावर जी एक ओळ दिसते तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी घडलेल्या असतात आणि त्यातल्या मधल्या गोष्टीचे कारण सहसा कुणी सांगत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला हा भाग मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे आणि उत्तरपत्रिकांमध्ये होणारी गफलत जवळजवळ नेहमी या मधल्या गोष्टीशी किंवा शून्याशी निगडित असते. म्हणून ती ओळ सावकाश उलगडतो.

आधी केवलमूल्य येते कुठून ते पाहू. चल वेगळे केल्यावर आपल्याला 1/y चे समाकलन हवे असते. y धन असेल तर ln y चे अवकलन 1/y येते, त्यामुळे तिथे ln y पुरेसे आहे. y ऋण असेल तर ln y ला वास्तव संख्यांमध्ये अर्थच नाही, पण ln(−y) ला आहे, आणि त्याचे अवकलन केले तर (1/(−y)) × (−1) म्हणजे पुन्हा 1/y च येते. दोन्ही बाजूंसाठी एकच सूत्र लिहायची सोय म्हणून आपण ln|y| लिहितो. म्हणजे केवलमूल्य हे "y कोणत्या बाजूला आहे ते मला अजून ठाऊक नाही, दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवतो" असे सांगणारे चिन्ह आहे.

या साध्या दिसणाऱ्या मुद्द्यावर १७१२ आणि १७१३ मध्ये लायब्निट्स आणि योहान बर्नुली यांच्यात पत्रांतून वाद झाला होता. बर्नुली म्हणत होता की x आणि −x या दोघांच्या लॉगचे अवकल सारखेच येते, तेव्हा ते दोन लॉगही सारखेच असले पाहिजेत. पुढे १७४० च्या दशकात ऑयलरने त्यातली फट दाखवली. अवकल सारखे आले म्हणजे दोन फंक्शनांमध्ये फार तर एका स्थिरांकाचा फरक आहे एवढेच सिद्ध होते, ती दोन फंक्शने एकच आहेत असे नाही. संमिश्र संख्यांमध्ये पाहिले तर ln(−x) आणि ln x यांच्यातला तो स्थिरांक iπ घेता येतो. तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर यात दडलेले आहे, त्याकडे थोड्या वेळाने येतो.

आता केवलमूल्य काढण्याची पायरी. ln|y| = kx + C च्या दोन्ही बाजूंचा घातांक घेतला की मिळते

|y| = e^C · e^(kx)

इथवर सगळे निर्विवाद आहे. एखाद्या संख्येचे केवलमूल्य M असेल तर ती संख्या M किंवा −M असते, म्हणून y = ±e^C · e^(kx) असे लिहायचा मोह होतो. पण जरा थांबून पाहा. वरचे समीकरण प्रत्येक x साठी सुटे सुटे खरे आहे. तेव्हा प्रत्येक x ला चिन्ह निवडायची मोकळीकही सुटी सुटी आहे. x = 1 ला अधिक, x = 2 ला उणे, x = 3 ला पुन्हा अधिक असे का चालणार नाही? समजा कुणी असे फंक्शन दिले की x < 0 असताना y = e^(kx) आणि x ≥ 0 असताना y = −e^(kx). त्याचे केवलमूल्य सगळीकडे e^(kx) च आहे, म्हणजे |y| चे समीकरण ते तंतोतंत पाळते. पण ते आपल्या अवकल समीकरणाचे उत्तर नाही, कारण x = 0 पाशी ते 1 वरून −1 वर उडी मारते आणि ज्या फंक्शनला उडी आहे त्याला तिथे अवकलजच नाही.

म्हणजे |y| च्या समीकरणाने आपल्याला हवे त्यापेक्षा जास्त उमेदवार आत घेतले आहेत आणि त्यातले नको ते बाहेर काढायला सांतत्य वापरावे लागते. उत्तर असलेले फंक्शन अवकलनीय असते, म्हणून संतत असते. संतत फंक्शनला धन बाजूकडून ऋण बाजूकडे जायचे तर मध्ये कुठेतरी शून्यावरून जावे लागते. पण |y| = e^C · e^(kx) मधली उजवी बाजू कुठल्याही x ला शून्य होत नाही. म्हणून y ला शून्य ओलांडता येत नाही आणि एका ठिकाणी जे चिन्ह आहे तेच सगळीकडे राहते. आता चिन्ह प्रत्येक x ला निवडायचे राहत नाही, अख्ख्या उत्तरासाठी एकदाच निवडायचे असते, आणि जे एकदाच निवडायचे तेच स्थिरांकात सामावता येते. ± ला स्थिरांकात ढकलायचा परवाना इथे मिळतो. "A कसाही असू शकतो" या वाक्याच्या मागे हे कारण उभे आहे, आणि ते सांगितले नाही तर ते वाक्य तुम्हाला जादूसारखे वाटणे साहजिक आहे.

चोखंदळ वाचक इथे एक आक्षेप घेईल आणि तो घ्यायलाच हवा. y ने भागताना आपण y शून्य नाही असे आधीच धरले होते, त्यामुळे "y शून्य होत नाही" हे त्याच गृहीतावरून सिद्ध करणे म्हणजे गोल गोल फिरणे नव्हे का? म्हणून युक्तिवाद असा मांडावा. समजा एका ठिकाणी y शून्य नाही. तिथून उजवीकडे चालत जा आणि y पहिल्यांदा जिथे शून्य होतो ती जागा x₁ माना. x₁ च्या आधी सगळीकडे y अशून्य आहे, म्हणून तिथवर आपले सूत्र लागू आहे. x हा x₁ च्या जवळ जाऊ लागला की सूत्राप्रमाणे |y| ची सीमा e^C · e^(kx₁) येते आणि ती धन आहे. पण y संतत आहे आणि x₁ ला शून्य आहे, म्हणून तीच सीमा शून्यही यायला हवी. हा विरोध आहे, तेव्हा अशी x₁ अस्तित्वातच नाही. डावीकडेही हेच. एका ठिकाणी अशून्य असलेले उत्तर सगळीकडे अशून्य राहते, हे आता गृहीत न धरता सिद्ध झाले.

राहिले शून्य. प्रत्येक धन संख्या कुठल्या ना कुठल्या C साठी e^C असते, म्हणून ±e^C मधून शून्य वगळता प्रत्येक वास्तव संख्या मिळते, पण शून्य कधीच मिळत नाही. तरी y = 0 हे स्थिर फंक्शन मूळ समीकरणात घालून पाहा. डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य, म्हणजे तेही उत्तर आहे. y ने भागताना आपण ते हातानेच बाहेर टाकले होते, म्हणून ते परत आणणे आपलीच जबाबदारी आहे. सुदैवाने y = Ae^(kx) मध्ये A = 0 ठेवले की तेच उत्तर मिळते, म्हणून वेगळी ओळ न लिहिता "A कोणतीही वास्तव संख्या" असे लिहून भागते. हे सुदैव दर वेळी साथ देत नाही. त्याचे उदाहरण शेवटी देतो.

एवढे सगळे करून जे मिळते ते पडताळण्याचा एक सरळ मार्ग आहे आणि त्यात लॉग येतच नाही. y हे समीकरणाचे कोणतेही उत्तर असो, z = y · e^(−kx) घ्या आणि अवकलन करा.

z' = y' · e^(−kx) − k · y · e^(−kx) = (y' − ky) · e^(−kx) = 0

ज्याचा अवकलज सगळीकडे शून्य ते फंक्शन स्थिर असते. त्या स्थिर संख्येला A म्हणा की y = Ae^(kx) मिळाले. इथे कुणी भागाकार केला नाही, म्हणून शून्य हरवले नाही. लॉग घेतला नाही, म्हणून केवलमूल्य आले नाही. A धन, ऋण किंवा शून्य असण्यावर मुळात काही बंधनच नव्हते. ज्या विद्यार्थ्याला ± चा युक्तिवाद पटत नाही त्याला मी ही दोन ओळींची सिद्धता दाखवतो, कारण त्यानंतर A च्या चिन्हाबद्दल शंका घ्यायला जागा उरत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू, कारण केवलमूल्याची खरी गरज तिथे जाणवते. न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम असा: वस्तूचे तापमान आणि भोवतालचे तापमान यांच्यात जेवढा फरक, त्या प्रमाणात तापमान बदलण्याचा वेग. खोली ३० अंश सेल्सिअस धरली तर

dT/dt = −k(T − 30)

चल वेगळे करून समाकलन केले की ln|T − 30| = −kt + C, आणि वरच्याच विचाराने T = 30 + Ae^(−kt). एका कपात ९० अंशांचा चहा आहे आणि १० मिनिटांनी तो ६० अंशांवर आला. t = 0 ला 90 = 30 + A, म्हणून A = 60. मग 60e^(−10k) = 30, त्यावरून k = (ln 2)/10, म्हणजे मिनिटाला सुमारे ०.०६९३. थोडक्यात, खोलीशी असलेला फरक दर १० मिनिटांनी निम्मा होतो. २० मिनिटांनी चहा ४५ अंशांवर येईल आणि ४० अंशांवर यायला सुमारे २६ मिनिटे लागतील. या सगळ्यात T − 30 धन होता, म्हणून ज्याने केवलमूल्य विसरून ln(T − 30) लिहिले त्यालाही काही जाणवणार नाही.

आता त्याच कपात तेवढेच दूध फ्रिजमधून काढून ठेवा, ६ अंशांचे. हिशेबाच्या सोयीसाठी k तोच धरू. प्रत्यक्षात गरम चहाच्या पृष्ठभागावरून वाफ जाते, म्हणून दोन्हींचा k हुबेहूब एक नसेल, पण इथे आपल्याला चिन्हाशी काम आहे. T − 30 आता −24 आहे. t = 0 ला 6 = 30 + A, म्हणून A = −24, आणि

T = 30 − 24e^(−kt)

१० मिनिटांनी १८ अंश, २० मिनिटांनी २४ अंश. दूध खालून वर खोलीच्या तापमानाकडे सरकते आणि ३० च्या पलीकडे कधी जात नाही, जसा चहा ३० च्या खाली कधी जात नाही. मघाशी सांतत्यावरून जे सिद्ध केले, की T − 30 ला शून्य ओलांडता येत नाही, त्याचाच हा अर्थ आहे. ऋण A म्हणजे भोवतालपेक्षा थंड वस्तू, धन A म्हणजे गरम वस्तू आणि A = 0 म्हणजे आधीच खोलीच्या तापमानाला असलेली वस्तू, जिचे तापमान बदलतच नाही. तिन्ही गोष्टी स्वयंपाकघरात एकाच वेळी ओट्यावर असू शकतात आणि तिन्हींना नियम एकच लागतो, तेव्हा सूत्रही एकच असायला हवे.

या दुधाच्या उदाहरणावर एक उत्तरपत्रिका माझ्या चांगली लक्षात आहे. विद्यार्थ्याने ln(T − 30) = −kt + C असे केवलमूल्याविना लिहिले होते, t = 0 घातले आणि ln(−24) समोर आल्यावर तो अडला. तिथे खाडाखोड होती. मग त्याने वजाचे चिन्ह खोडून C = ln 24 लिहिले, पुढे T − 30 = 24e^(−kt) असे केले आणि उत्तर दिले T = 30 + 24e^(−kt). मधल्या सगळ्या आकडेमोडीत एकही चूक नव्हती. पण त्याच्या उत्तरात t = 0 ठेवा. तापमान ५४ अंश येते, म्हणजे फ्रिजमधून ५४ अंशांचे दूध निघाले आणि ते हळूहळू थंड होऊ लागले. केवलमूल्य घेताना वजा गेला, तो केवलमूल्य काढताना परत आणायचा राहिला. अशी चूक ओळखायची खूण हीच आहे की शेवटच्या सूत्रात प्रारंभिक अट परत घालून पाहायची. दहा सेकंदांत कळते.

ही अडचण मुळातच टाळायची असेल तर मी स्वतः ज्या पद्धतीने लिहितो ती सांगतो. अनिश्चित समाकलन करून मागाहून C शोधण्याऐवजी सुरुवातीपासून मर्यादा घालून समाकलन करा. y ची सुरुवातीची किंमत y₀ असेल तर

ln|y| − ln|y₀| = ln|y/y₀| = kx

y आणि y₀ यांचे चिन्ह एकच आहे, कारण चिन्ह बदलत नाही हे आपण सिद्ध केले आहे. एकाच चिन्हाच्या दोन संख्यांचा भागाकार धन असतो. म्हणून ln(y/y₀) असे केवलमूल्याविना लिहिण्यात आता काहीही गैर नाही आणि y = y₀e^(kx) थेट मिळते. दुधाला २४ अंशांवर यायला किती वेळ लागेल हे विचारले तर ln((−6)/(−24)) = ln(1/4) = −kt, त्यावरून t = 20 मिनिटे. दोन वजा एकमेकांना छेदून जातात आणि ऋण संख्येचा लॉग कुठे येतच नाही. गुणोत्तर तयार करण्याआधी मात्र दोन लॉग सुटे लिहू नका, नाहीतर पुन्हा ln(−6) समोर येईल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. थेट ln y लिहिले तरी उत्तर तेच का येते? तशा लिखाणात दोन त्रुटी असतात आणि त्या एकमेकींना झाकतात. पहिली त्रुटी म्हणजे ln y लिहून y धन आहे असे नकळत धरणे. दुसरी म्हणजे पुढे y = Ae^(kx) लिहिल्यावर, A = e^C असूनही, त्याला ऋण किंमत घ्यायला परवानगी देणे. पहिल्या ओळीत गमावलेला अर्धा भाग दुसऱ्या ओळीत कारण न देता परत घेतला जातो. संमिश्र संख्या मान्य असतील तर या लिखाणाला खरा अर्थ देता येतो. ऑयलरने दाखवल्याप्रमाणे C च्या जागी C + iπ ठेवले की e^(C + iπ) = −e^C, म्हणजे ऋण A हा संमिश्र C मधून सरळ येतो. पण ज्या विद्यार्थ्याला संमिश्र लॉग अजून शिकवलेला नाही त्याने ln y लिहिणे म्हणजे हातात नसलेल्या साधनावर काम चालवणे होय. म्हणून परीक्षेत केवलमूल्य लिहावे आणि पुढच्या ओळीत "y चे चिन्ह बदलत नाही, म्हणून A = ±e^C; A = 0 हेही उत्तर आहे" एवढे एक वाक्य जोडावे.

आता ही सूट कुठवर चालते ते पाहू, कारण काही ठिकाणी ती चालत नाही. xy' = 2y हे समीकरण घ्या. चल वेगळे केले की ln|y| = 2 ln|x| + C, आणि नेहमीच्या सवयीने y = Ax². पण इथे 2/x हा गुणक x = 0 पाशी अनंताकडे जातो, म्हणून समाकलन x > 0 आणि x < 0 अशा दोन तुकड्यांवर वेगवेगळे केलेले असते. चिन्ह बदलत नाही हा आपला युक्तिवाद एका सलग तुकड्याच्या आतच चालतो. दोन तुकड्यांचे स्थिरांक एकमेकांशी बांधलेले नाहीत. उजवीकडे y = x² आणि डावीकडे y = −x² असे फंक्शन घेऊन पाहा. x = 0 ला त्याची किंमत शून्य, उतारही शून्य, कुठे उडी नाही, कुठे टोक नाही, आणि xy' = 2y ते सगळीकडे पाळते. तरी ते एकाच A साठी Ax² असे लिहिता येत नाही. इथे खरे उत्तर दोन स्थिरांकांचे आहे, उजवीकडे A आणि डावीकडे B. म्हणून ± ला स्थिरांकात घालण्याआधी पाहावे की x च्या गुणकाला मध्ये कुठे खंड आहे का. असेल तर प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वतःचा स्थिरांक द्यावा.

याच उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. आतापर्यंत आपण y भोवतीचे केवलमूल्य काढत होतो. x भोवतीचे केवलमूल्यही काढता येते का? घात २ होता म्हणून |x|² = x² झाले आणि प्रश्नच उरला नाही. घात ३ असता तर |x|³ हे एका तुकड्यावर x³ किंवा −x³ झाले असते आणि ते चिन्हही स्थिरांकात सामावले असते. पण समीकरण 2xy' = y असेल तर उत्तर y = A√|x| येते, आणि x ऋण असताना √|x| ची जागा √x घेऊ शकत नाही, कारण ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नाही. ± ने गुणून ते दुरुस्त होत नाही. तिथे केवलमूल्य ठेवावेच लागते, किंवा डाव्या तुकड्यावर √(−x) असे लिहावे लागते. केवलमूल्य काढल्याने फक्त चिन्हाचा फरक पडत असेल तरच तो फरक स्थिरांक सोसू शकतो.

शेवटी ते सुदैवाचे उदाहरण. y' = y(1 − y) हे मर्यादित वाढीचे समीकरण. आंशिक अपूर्णांक करून समाकलन केले की

ln|y| − ln|1 − y| = t + C, म्हणून y/(1 − y) = Ae^t

इथेही A = ±e^C. y शून्य आणि एक यांच्या मध्ये असेल तर A धन, y एकापेक्षा मोठा किंवा शून्यापेक्षा लहान असेल तर A ऋण. समजा y ची सुरुवात २ पासून आहे, तर A = 2/(1 − 2) = −2, आणि

y = 2e^t/(2e^t − 1)

t = 0 ला हे २ आहे आणि t वाढेल तसे वरून १ कडे येते, म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त झालेली संख्या घटत जाते. A ला धन ठेवणाऱ्याला हे उत्तर मिळालेच नसते. पण y(1 − y) ने भागताना आपण दोन स्थिर उत्तरे बाहेर टाकली होती, y = 0 आणि y = 1. A = 0 ठेवले की y = 0 परत येते. y = 1 मात्र A च्या कुठल्याही किमतीने येत नाही, कारण त्यासाठी डावीकडचा छेद शून्य व्हावा लागतो. उलट, सूत्र y = 1/(1 + Be^(−t)) असे लिहिले तर B = 0 ने y = 1 मिळते आणि y = 0 हातचे जाते. म्हणून इथे "A कोणतीही वास्तव संख्या" एवढे लिहून थांबले तर उत्तर अपुरे राहते, आणि "शिवाय y = 1" हे वेगळे लिहावे लागते.

ही पडताळणी करायला फार काही लागत नाही. भागताना ज्या पदाने भागले ते शून्य करणाऱ्या y च्या किमती कागदाच्या कडेला आधीच लिहून ठेवाव्यात, आणि अंतिम सूत्रात त्यातली प्रत्येक किंमत कोणत्या A साठी येते ते शेवटी तपासावे. जी येत नाही ती सूत्राखाली वेगळी लिहावी.